सावकाश गळलेली झडप, अचानक तुटलेली झडप

दोन इको रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आहेत असं समजू या. दोन्हींच्या तळाला निदान एकच आहे, 'सिव्हिअर एमआर'. म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप नीट मिटत नाही आणि दर ठोक्याला बरंच रक्त उलट्या दिशेने मागे जातं.

पहिला रिपोर्ट ४६ वर्षांच्या एका बाईंचा. शाळेत असताना त्यांना ताप येऊन सांधे सुजले होते, आणि त्या संधिवाती तापाने झडप कायमची आखडवून ठेवली. तालुक्याच्या गावाहून त्या एसटीने येतात, स्टँडवरून चालत दवाखाना गाठतात आणि सांगतात, "दोन जिने चढले की जरा धाप लागते डॉक्टर, बाकी तसं काही नाही." दुसरा रिपोर्ट ६१ वर्षांच्या एका गृहस्थांचा. तीन दिवसांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, उपचार झाले, काल संध्याकाळी ते वॉर्डात दोन फेऱ्याही मारून आले. आज पहाटे चारला मात्र ते खाटेच्या कडेला पाय सोडून बसले आहेत. हात गादीत रोवलेले, अंग घामाने डबडबलेलं, ओठ निळसर. खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो आहे. पत्नी पाठीमागे उशा लावते आणि म्हणते, "अहो, जरा टेका तरी." टेकलं की जीव गुदमरतो, म्हणून ते नुसती मान हलवतात.

हे दोघे कोणी ठरावीक रुग्ण नव्हेत. या आजारात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून मी त्यांना इथे उभं केलं आहे. प्रश्न मात्र खरा आहे. दोघांचीही झडप जोरात गळते. इतकंच काय, हिशेब मांडला तर बाईंच्या झडपेतून मागे जाणारं रक्त जास्त भरेल. मग त्या चालत येतात आणि या गृहस्थांच्या फुफ्फुसांत तासाभरात पाणी भरतं, ते का?

त्यासाठी आधी झडपेची रचना बघायला हवी. फुफ्फुसांत शुद्ध झालेलं रक्त चार नीलांमधून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात येतं. हा कप्पा लहान आणि पातळ भिंतींचा असतो. पूर्ण भरला तरी त्यात साधारण ५० ते ६० मिलिलिटर रक्त मावतं. तिथून मायट्रल झडपेतून रक्त खालच्या कप्प्यात उतरतं. खालचा कप्पा जाड स्नायूचा आहे. तो आवळला की रक्त महाधमनीत आणि तिथून सगळ्या शरीरात जातं. आवळताना त्याच्या आत १२० च्या आसपास दाब तयार होतो, तर वरच्या कप्प्यात तो जेमतेम १० असतो. (हे आकडे आपण दंडावर रक्तदाब मोजतो त्याच मापातले.) एवढ्या फरकाला तोंड देत झडप दिवसाला लाखभर वेळा घट्ट मिटते.

नुसत्या दोन पातळ पाळ्यांना हे जमलं नसतं. पाळ्यांच्या कडांना बारीक, चिवट दोऱ्या असतात. त्या खाली येऊन खालच्या कप्प्याच्या भिंतीतून वर आलेल्या दोन स्नायूंच्या खुंटांना बांधलेल्या असतात. कप्पा आवळतो तेव्हा हे खुंटही आवळतात, दोऱ्या ताणून धरतात, आणि पाळ्या वरच्या कप्प्यात उलटत नाहीत. प्रत्येक खुंटाच्या दोऱ्या दोन्ही पाळ्यांना जातात. त्यामुळे एक खुंट गेला, तर दोन्ही पाळ्यांचा आधार जातो.

या दोन खुंटांपैकी पुढच्या खुंटाला सहसा दोन रक्तवाहिन्यांकडून रक्त मिळतं. एक बंद पडली तरी दुसरी त्याला जगवते. मागच्या खुंटाला एकाच वाहिनीचा आधार असतो, बहुतेकांमध्ये उजव्या करोनरीचा. म्हणून ती बंद पडून हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक येतो, तेव्हा मागचा खुंट धोक्यात येतो. आपल्या गृहस्थांचं नेमकं हेच झालं. छातीत जळजळतंय म्हणून ते रात्रभर पित्ताच्या गोळ्या घेत राहिले आणि रक्तवाहिनी उघडायला फार उशीर झाला.

मेलेला स्नायू लगेच तुटत नाही. पहिल्या दिवशी तो जागेवर असतो. नंतर शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यात शिरून मृत भाग साफ करायला लागतात, आणि व्रणाची चिवट ऊती तयार व्हायच्या आधी मध्ये काही दिवस असे येतात की ती जागा ओल्या मातीसारखी मऊ असते. खुंट तुटण्याच्या बहुतेक घटना अटॅकनंतर दुसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान घडतात, त्या यामुळे. आणखी एक गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. असे कितीतरी अटॅक आकाराने लहान असतात. हृदयाचा बाकीचा स्नायू शाबूत असतो, जोरात आवळतो, आणि त्या जोरानेच मऊ पडलेला खुंट तुटतो. वेळेत रक्तवाहिनी उघडण्याचे उपचार आल्यापासून हे प्रमाण खूप घटलं आहे. आज अटॅक आलेल्या शंभरांत एकालाही हे होत नाही. पण ज्याला होतं, त्याच्याकडे तास मोजकेच असतात.

आता आकडे मांडू. हे ढोबळ आकडे आहेत, समजण्यापुरते. धडधाकट माणसाचा खालचा कप्पा भरतो तेव्हा त्यात १५० मिलिलिटर रक्त असतं असं धरा. आवळल्यावर १०० पुढे जातं, ५० आत उरतं. खुंट तुटल्यावर काय होतं? झडप उघडीच असल्याने रक्ताला बाहेर पडायला दोन वाटा मिळतात. महाधमनीत शिरायचं तर आधी ८० चा दाब ओलांडावा लागतो. वरच्या कप्प्यात फक्त १० चा दाब असतो. रक्त सोपी वाट धरतं. महाधमनीची झडप उघडायच्याही आधी ते मागे उसळायला लागतं. खालचा कप्पा आता १७० मिलिलिटरपर्यंत भरतो, जवळजवळ पूर्ण रिकामा होतो आणि १४० बाहेर फेकतो. त्यातलं ७० पुढे जातं आणि ७० मागे.

म्हणजे शरीराला १०० च्या जागी ७० मिळालं. हे वाईट आहेच, पण हृदयाचे ठोके १२० वर नेऊन शरीर ती तूट बरीचशी भरून काढू शकतं. खरा घात होतो तो मागे गेलेल्या ७० मिलिलिटरमुळे. ५० ते ६० मिलिलिटरच्या त्या छोट्या कप्प्यात फुफ्फुसांतून येणारं नेहमीचं रक्त येतच असतं. त्यात हे ७० एका झटक्यात, तिसऱ्या हिश्श्याच्या सेकंदात घुसतं. कप्प्याची भिंत ताणायला तयार नसते. नवी कोल्हापुरी चप्पल पहिल्या दिवशी चावते आणि रोज घालून काही महिन्यांत पायाच्या मापाची होते. दोन्ही हातांनी ओढून ती एका मिनिटात सैल करता येत नाही. हृदयाच्या या कप्प्याचंही तसंच आहे. तो मोठा होऊ शकतो, पण त्याला महिने आणि वर्षं लागतात. वेळ नसेल तर आकार वाढत नाही आणि सगळा दाब वाढतो. सरासरी दाब १० वरून २५, ३० वर जातो, आणि दर ठोक्याला उसळणारी लाट ५० किंवा त्याच्याही वर पोहोचते. १९७० मध्ये स्वान आणि गँझ यांनी फुग्याचं टोक असलेली कॅथेटर आणली. मानेच्या किंवा मांडीच्या नीलेतून ती फुफ्फुसाच्या धमनीत नेली की ही लाट स्क्रीनवर मोजता येते. डॉक्टर तिला 'जायंट व्ही वेव्ह' म्हणतात.

वरचा कप्पा आणि फुफ्फुसांच्या नीला यांच्यामध्ये झडप नाही, आणि पुढचं सगळं त्यातून घडतं. कप्प्यात जो दाब, तोच दाब नीलांमधून मागे मागे जात फुफ्फुसांतल्या केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. या केशवाहिन्या हवेच्या फुग्यांना, म्हणजे वायुकोशांना, इतक्या चिकटून असतात की रक्त आणि हवा यांच्यामध्ये एका मायक्रॉनपेक्षाही पातळ पडदा असतो. प्राणवायू झटकन ओलांडावा म्हणून तो तसा आहे. पण जिथून प्राणवायू सहज जातो, तिथून दाब वाढला की पाणीही जाऊ शकतं.

एरवी ते का जात नाही, हे अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये सांगितलं. केशवाहिनीतला दाब पाण्याला बाहेर ढकलतो. रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत ओढून धरतात. प्रथिनांची ही ओढ त्याच मापात २५ च्या आसपास असते, आणि फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांचा दाब एरवी १० च्याही खाली. म्हणजे मध्ये भरपूर मोकळीक राहते. ती किती, हे आर्थर गायटन आणि लिंडसे यांनी १९५९ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत मोजलं. त्यांनी डाव्या वरच्या कप्प्यातला दाब हळूहळू वाढवत नेला. सुमारे २४ पर्यंत फुफ्फुसं कोरडी राहिली. त्यापुढे पाणी साठायला लागलं आणि दाब जितका वर, तितकं ते झपाट्याने साठत गेलं. मग त्यांनी रक्तातली प्रथिनं जवळपास निम्म्यावर आणून तोच प्रयोग केला. आता ११ वरच पाणी व्हायला लागलं. कुपोषित किंवा यकृत-मूत्रपिंडाचा जुना आजार असलेला रुग्ण कमी दाबावरच का गुदमरतो, याचं उत्तर त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

आपल्या गृहस्थांच्या वरच्या कप्प्यात दाब ३० च्या पुढे गेला आहे, म्हणजे ती सीमा ओलांडली गेली. शिवाय त्यांच्या हृदयाची उजवी बाजू काम करते आहे आणि फुफ्फुसांत रक्त पाठवतेच आहे. समजा, डाव्या बाजूला जेवढं पुढे नेता येतं त्यापेक्षा उजवी बाजू दर ठोक्याला फक्त दोन मिलिलिटर जास्त पाठवते. ठोके मिनिटाला १२० असतील, तर एका मिनिटात २४० मिलिलिटर रक्त फुफ्फुसांत अडकलं. फुफ्फुसांत एका वेळी असणारं सगळं रक्तच मुळी अर्ध्या लिटरच्या आसपास असतं. त्यामुळे हे फार वेळ असं चालत नाही, दाब चढून दोन्ही बाजूंचा मेळ परत बसतो. पण तो बसतो वरच्या दाबावर, आणि तोपर्यंत फुफ्फुसं तुडुंब झालेली असतात.

पाणी आधी वायुकोशांत येत नाही. ते प्रथम केशवाहिन्यांच्या भोवतालच्या सैल ऊतीत झिरपतं, आणि तिथून लसीकावाहिन्या ते वाहून नेतात. या टप्प्यावर माणसाला अस्वस्थ वाटतं, आडवं पडवत नाही, कोरडा खोकला येतो. लसीकावाहिन्यांची ताकद संपली की पाणी वायुकोशांत उतरतं. तिथे ते हवेत घुसळलं जातं, फेस होतो, आणि ताणाने फुटलेल्या सूक्ष्म केशवाहिन्यांतल्या लाल पेशी मिसळून तो गुलाबी दिसतो. पाण्याने भरलेल्या वायुकोशाजवळून जाणाऱ्या रक्ताला प्राणवायू मिळत नाही. बोटाला लावलेलं यंत्र ८२ दाखवतं ते म्हणून. नातेवाईक अशा वेळी विचारतात, "फुफ्फुसात पाणी झालंय, तर सुईने काढता नाही का येणार?" फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणात साठलेलं पाणी सुईने काढता येतं. हे पाणी कोट्यवधी वायुकोशांच्या आत विखुरलेलं असतं; ते परत रक्तातच ओढून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी दाब उतरावा लागतो.

आता बाईंकडे वळू. त्यांच्या झडपेची गळती एका पहाटे सुरू झाली नाही. ती आधी चमचाभर होती, मग वाटीभर झाली, आणि या वाढीला वीस-पंचवीस वर्षं लागली. तेवढ्या काळात वरचा कप्पा ताणत गेला. त्याची भिंत नुसती ताणली नाही, तिची घडणच बदलली, आणि आज त्यात पूर्वीच्या तीन-चार पट रक्त सहज मावतं. खालचा कप्पाही लांब-रुंद झाला. स्नायूपेशींमध्ये आकुंचनाचे नवे तुकडे एकापुढे एक जोडले गेले. त्यामुळे तो आता २४० मिलिलिटर भरतो आणि १९० बाहेर फेकतो. निम्मं, म्हणजे ९५, मागे जातं. ९५ पुढे जातं. शरीराला मिळणारं रक्त जवळजवळ पूर्वीइतकंच आहे. आणि मागे गेलेले ९५ मिलिलिटर त्या प्रशस्त कप्प्यात जिरतात, तिथला दाब १५ च्या घरात राहतो. युजीन ब्राउनवॉल्ड आणि ऑ या दोघांनी १९६३ मध्ये अशाच रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं, ज्यांची झडप जोरात गळते पण वरच्या कप्प्यातला दाब मात्र सर्वसाधारण राहतो.

फुफ्फुसांनीही या काळात स्वतःला बदललेलं असतं. लसीकावाहिन्या रुंदावतात आणि पूर्वीच्या कित्येक पट पाणी वाहून नेतात. केशवाहिन्यांचा पडदा थोडा जाड होतो. फुफ्फुसांतल्या बारीक धमन्या आवळून धरतात, त्यामुळे केशवाहिन्यांवर रक्ताचा लोंढा येत नाही. याची किंमत हृदयाची उजवी बाजू मोजते, पण ती हप्त्याहप्त्याने. म्हणूनच जुन्या रुग्णाच्या केशवाहिन्यांतला दाब कधी ३० च्या वर गेला तरी तो घरात वावरत असतो, आणि नव्या रुग्णाला तोच दाब अतिदक्षता विभागात नेतो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. अचानक झालेल्या गळतीत आपण ज्या खुणांवर भरवसा ठेवतो, त्या जवळपास सगळ्याच उलट सांगतात.

स्टेथोस्कोपपासून सुरुवात करू. बाईंच्या छातीवर डाव्या काखेपर्यंत जाणारा सुस्पष्ट, लांबलचक आवाज येतो. विद्यार्थ्यालाही चुकणार नाही असा. गृहस्थांच्या छातीवर तो अगदी हलका आणि आखूड असतो, कधी ऐकूच येत नाही. आवाज होतो दोन कप्प्यांच्या दाबातल्या फरकामुळे. वरच्या कप्प्यातला दाब इतका चढला आहे आणि रक्तदाब इतका उतरला आहे की ठोक्याच्या मध्यावरच दोन्ही दाब जवळ येतात आणि प्रवाहाचा जोर संपतो. त्यात फुफ्फुसांची बुडबुड आणि जोराचा श्वास. आवाज नाही, म्हणजे झडप ठीक आहे, असा निष्कर्ष इथे जीव घेऊ शकतो.

मग एक्सरे. बाईंच्या एक्सरेत हृदय भलंमोठं दिसतं. गृहस्थांचं हृदय नेहमीच्या आकाराचं, कारण मोठं व्हायला वेळच मिळाला नाही. दोन्ही फुफ्फुसं पांढरी आणि हृदय लहान, असं पाहिलं की मनात न्यूमोनिया येतो. कधी तर तुटलेल्या पाळीवरून उसळणारी धार नेमकी उजव्या वरच्या फुफ्फुसनीलेच्या तोंडावर आदळते, आणि पाणी फक्त फुफ्फुसाच्या उजव्या वरच्या भागात साठतं. मग चित्र हुबेहूब न्यूमोनियाचं होतं आणि अँटिबायोटिक सुरू होऊन मोलाचे तास जातात. ताप नव्हता, कफ पिवळा नव्हता आणि धाप काही मिनिटांत लागली, हे त्या वेळी कोणीतरी आठवून सांगावं लागतं. बहुधा ते शेजारी बसलेल्या पत्नीलाच ठाऊक असतं.

इकोमध्येही फसायला होतं. सगळे विचारतात, "पंपिंग किती आहे?" इथे ते ६५ किंवा ७० टक्के येतं, कारण कप्पा सोप्या वाटेने रक्त मागे फेकून छान रिकामा होतो. ऐकणाऱ्याला धीर येतो. वास्तविक रक्तदाब ८४ वर, अंग गार, लघवी कमी, फुफ्फुसं पाण्याने भरलेली आणि तरी हृदय जोरात आवळतं आहे, हा मेळ दिसला की पहिली शंका झडपेवरच घ्यायला हवी. रंगीत डॉप्लरमधली गळतीची धारही अशा वेळी अपेक्षेपेक्षा लहान दिसू शकते. तिचंही कारण दाबांचं जवळ येणं हेच. शंका उरली तर अन्ननलिकेतून प्रोब घालून इको करतात. तिथून झडप अगदी जवळून दिसते, आणि तुटलेल्या खुंटाचा तुकडा दोऱ्यांसकट वरच्या कप्प्यात आत-बाहेर हेलकावताना दिसला की निदान पक्कं होतं.

एक सापळा खास खालच्या भिंतीच्या अटॅकचा आहे. या अटॅकमध्ये रक्तदाब पडला की बऱ्याचदा कारण उजव्या कप्प्याला बसलेला मार असतं, आणि तिथे सलाइन दिल्याने रुग्ण सावरतो. त्या सवयीने इथे सलाइन सोडलं, तर ते थेट फुफ्फुसांत उतरतं. फरक फुफ्फुसांत ऐकू येतो. उजव्या कप्प्याच्या आजारात फुफ्फुसं कोरडी असतात आणि रुग्ण आडवा झोपू शकतो. इथे तळापासून वरपर्यंत बुडबुड असते.

उपचारांचं सगळं गणित त्या दोन वाटांभोवती फिरतं. महाधमनीची वाट सोपी करता आली, तर मागे जाणारं रक्त आपोआप कमी होतं. म्हणून रक्तदाब जेमतेम टिकून असेल तर शिरेतून नायट्रोप्रुसाइडसारखं औषध थेंबाथेंबाने देतात. त्याने शरीरातल्या धमन्या सैलावतात. रक्तदाब कमी असताना रक्तदाब उतरवणारं औषध का, असं कोणालाही वाटेल. पण पुढची वाट सैल झाल्यावर ७० च्या जागी ८०-९० मिलिलिटर पुढे जायला लागलं, तर रक्तदाब टिकतो आणि फुफ्फुसांवरचा ताणही उतरतो. याउलट नुसता आकडा वाढवायला धमन्या आवळणारं औषध जोरात दिलं, तर मॉनिटरवर रक्तदाब बरा दिसतो आणि रक्त आणखी मागे ढकललं जातं. रक्तदाब फारच पडला असेल तर तेही औषध थोडं द्यावं लागतं, पण मग सोबत दुसरा आधार हवा.

तो आधार म्हणजे बहुतेकदा महाधमनीतला बलून पंप. मांडीच्या धमनीतून साधारण ४० मिलिलिटरचा लांबट फुगा वर सरकवतात. हृदय सैल पडतं तेव्हा तो फुगतो. हृदय आवळायच्या क्षणी झटकन मिटतो आणि महाधमनीत जागा मोकळी करून देतो. रक्ताला पुढे जाणं सोपं होतं, आणि औषधाने होतो तसा रक्तदाब कोसळत नाही. बरोबरीने लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, आणि तोंडावर घट्ट बसणाऱ्या मास्कमधून दाबाने प्राणवायू. ठोक्यांचा वेग औषधाने कमी करण्याचा मोह मात्र टाळावा लागतो. दर ठोक्याला पुढे जाणारं रक्त घटलेलं असताना तो वेगच शरीराला तगवून धरतो.

हे सगळं तात्पुरतं असतं. तुटलेला खुंट औषधाने जुळत नाही. शस्त्रक्रिया झाली नाही, तर खुंट पूर्ण तुटलेले बहुतेक रुग्ण काही दिवसांतच दगावतात. शस्त्रक्रियेतही पाचांतला एक किंवा त्याहून जास्त रुग्ण वाचत नाहीत. तरीही ती लवकर करण्याकडेच सर्जनचा कल असतो, कारण थांबल्याने स्नायू घट्ट होण्याआधी मूत्रपिंड आणि मेंदू हातचे जातात. मऊ स्नायूत टाके धरत नाहीत, म्हणून सहसा झडप दुरुस्त न करता बदलतात, आणि बंद रक्तवाहिनीला त्याच वेळी बायपास देतात. नवी झडप बसून हृदय पुन्हा चालू झालं की वरच्या कप्प्यातली ती उंच लाट तिथल्या तिथे नाहीशी होते. पुढच्या एक-दोन दिवसांत फुफ्फुसांतलं पाणी ओसरतं.

बाईंच्या बाबतीत घाई नसते, पण कालमर्यादा असते, आणि ती धापेवरून ओळखता येत नाही. मागची सोपी वाट मिळाल्याने त्यांचंही पंपिंग फुगवून दिसतं. म्हणून या आजारात ६० टक्के हा आकडा चांगला धरत नाहीत. पंपिंग ६० किंवा खाली आलं, अथवा आवळलेल्या अवस्थेतही खालच्या कप्प्याची रुंदी ४० मिलिमीटरवर गेली, तर त्रास नसला तरी झडपेच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा, असं आजची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्याही पुढे थांबलं, तर कप्पा २६० मिलिलिटर भरतो आणि ११० आतच ठेवतो. पुढे जातं जेमतेम ६५, आणि दाब परत २५ वर चढतो. म्हणजे पंचवीस वर्षांनी त्यांचीही फुफ्फुसं त्याच सीमेवर येऊन ठेपतात. फक्त तेव्हा स्नायू थकलेला असतो, आणि झडप बदलूनही तो पूर्वपदावर येईलच असं नसतं.

या दोन चित्रांच्या मध्ये आणखी एक रुग्ण असतो. झडपेच्या पाळ्या सैल असलेला, 'प्रोलॅप्स' म्हणून वर्षानुवर्षं दर वर्षी इको करणारा, थोडी गळती असलेला. अशा माणसाची एखादी दोरी शिंकताना, ओझं उचलताना किंवा काहीच न करता तुटू शकते. तापाने आठवडे काढलेल्या रुग्णात झडपेवरचा जंतुसंसर्गही दोरी कुरतडतो किंवा पाळीला भोक पाडतो. मग जुन्या गळतीवर एका रात्रीत नवी गळती चढते. वरचा कप्पा आधीच थोडा मोठा झालेला असेल तर रुग्णाला काही दिवसांची सवड मिळते. नसेल तर चित्र थेट त्या गृहस्थांसारखं होतं. अशा रुग्णाला कालपर्यंत चढता येणारा जिना आज चढवेना, किंवा रात्री दोनला उठून खिडकीशी बसावं लागलं, तर पुढच्या महिन्यातल्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता त्याच रात्री इकोची सोय असलेल्या रुग्णालयात जावं, आणि तिथल्या डॉक्टरांना जुना इको रिपोर्ट आधी दाखवावा.